७४९ ला विकलेला कोल्हापुरी जोड तोट्यात का जातो? ऑनलाइन विक्रीची किंमत दुरुस्त करताना

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. "ऑर्डरी येताहेत, पॅकिंगला माणूस ठेवावा लागला, पण बँकेत बघावं तर मालाचे पैसेसुद्धा सुटत नाहीत." मग किंमत तीस-चाळीस रुपयांनी वाढवली जाते. एखादा महिना बरा जातो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पुन्हा वाढ, पुन्हा तेच. हे चक्र अंदाजाने किंमत वाढवून तुटत नाही, कारण पैसे नेमके कुठून गळताहेत हे त्यात कळतच नाही. कमिशन, कुरिअर आणि परत येणारा माल या तिन्हींचा हिशेब वेगवेगळ्या पद्धतीने करावा लागतो. तिघांनाही एकाच तराजूत घातलं की किंमत चुकते.

मी अशा विक्रेत्यांचे हिशेब बघतो. इथे कोल्हापुरातल्या एका चपला विकणाऱ्याचं उदाहरण घेतो, कारण चपलेत मापामुळे माल परत येण्याचं प्रमाण जास्त असतं आणि सगळ्या अडचणी एकाच ठिकाणी सापडतात. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत. फीचे दर एका रेट कार्डासारखे धरलेत. तुमचे दर वेगळे असतील, तेव्हा तुमच्या डॅशबोर्डवरचं रेट कार्ड उघडून शेजारी ठेवा.

आधी बरोबर महिना निवडा

बहुतेक जण सेटलमेंट रिपोर्ट उघडतात आणि "या महिन्यात किती जमा झाले" ते बघतात. इथेच पहिली फसगत होते. या महिन्यात जमा झालेल्या रकमेतून गेल्या महिन्यातल्या परत आलेल्या मालाचे पैसे कापलेले असतात आणि या महिन्यात गेलेला माल अजून परत यायचा असतो. विक्री वाढत असताना त्यामुळे नफा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. सणासुदीनंतर विक्री थंडावली की सगळा परत आलेला माल एकदम अंगावर येतो. दिवाळीनंतरच्या महिन्यात "अचानक तोटा" दिसतो तो बहुतेकदा असा, आधीच झालेला असतो.

म्हणून ऑर्डरच्या तारखेने गट पाडा, पैसे जमा झाल्याच्या तारखेने नाही. महिना किमान दीड महिना जुना घ्या. ग्राहकाची परत करण्याची मुदत, माल परत येण्याचा प्रवास आणि रकमेची वजावट हे सगळं तोवर बहुधा उरकलेलं असतं. मग ऑर्डर आयडी धरून प्रत्येक ऑर्डर तीनपैकी एका खान्यात टाका: ग्राहकाने ठेवली, ग्राहकाने घेऊन परत केली, किंवा दारातूनच परत आली, म्हणजे आरटीओ. शेवटचे दोन खाने वेगळे ठेवणं महत्त्वाचं आहे. बऱ्याच रेट कार्डांत आरटीओवर कुरिअरचे पैसे लागत नाहीत, ग्राहकाच्या रिटर्नवर मात्र जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही लागतात. "तीस टक्के माल परत येतो" एवढंच म्हटलं तर त्यातून खर्च काढता येत नाही.

या विक्रेत्याच्या दर १०० ऑर्डरींमागे ६८ जोड ग्राहकांकडे राहिले, १८ ग्राहकांनी परत केले आणि १४ आरटीओ झाले.

किंमत काढली कशी होती

लेडीज कोल्हापुरीचा एक जोड कारागिराकडून ३८० रुपयांना. कारागिराची जीएसटी नोंदणी नाही, म्हणून खरेदीवर कराची पावती नाही. खोका, पिशवी, टेप, लेबल मिळून २५. म्हणजे ४०५. त्यात १२० नफा मिळवला की ५२५. कमिशन १५ टक्के, म्हणून ५२५ वर ७९ रुपये. चपलेचं वजन सातशे ग्रॅमच्या आसपास, म्हणून एक किलोपर्यंतच्या गटाचं कुरिअर ९०. एकूण ६९४. त्यावर ५ टक्के जीएसटी, ७२९. चपलांना २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडाला अडीच हजारांपर्यंत ५ टक्केच लागतो, तेव्हा तो दर बरोबर होता. सुरक्षित राहावं म्हणून किंमत ७४९ लावली. त्यांच्या लेखी प्रत्येक जोडावर १४० रुपये सुटत होते.

आता प्रत्यक्षात काय कापलं गेलं ते बघू, आणि तेही परत न आलेल्या, सरळ विकल्या गेलेल्या जोडावर.

कमिशन ५२५ वर लागत नाही, ग्राहक जी किंमत देतो तिच्यावर लागतं. ७४९ चे १५ टक्के म्हणजे ११२. शिवाय प्रत्येक ऑर्डरमागे २० रुपयांची ठरावीक फी होती, ती हिशेबात धरलेलीच नव्हती. कुरिअर ९० ऐवजी १२० कापलं जात होतं (ते का, ते पुढे येईल). तिन्ही मिळून २५२. आणि या सगळ्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४५. एका जोडामागे मार्केटप्लेसकडून सुटत होते ४५१ रुपये. त्यातून ४०५ गेले की उरतात ४६. कुठे १४० आणि कुठे ४६!

बँकेतला आकडा याहून सुमारे चार रुपयांनी कमी दिसेल. तो टीसीएस आणि टीडीएसचा भाग. जीएसटीतला टीसीएस १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के आहे आणि आयकरातला टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. आधी दोन्ही १ टक्का होते. हा खर्च नाही. टीसीएस जीएसटी पोर्टलवर स्वीकारला की कॅश लेजरमध्ये जमा होतो आणि टीडीएस विवरणपत्रात वळता होतो. काही जण हे दोन्ही किमतीत मिळवतात, तशी गरज नाही. पण पोर्टलवर जाऊन टीसीएस स्वीकारायचं विसरलात, तर तो तुमच्या हातात येणारही नाही.

परत आलेल्या मालाचा भार कुणावर

इथे विक्रेत्यांचा हिशेब सर्वात जास्त चुकतो. "एका रिटर्नला इतके रुपये लागतात, आणि १०० पैकी १८ येतात, म्हणजे ऑर्डरमागे इतके" असा भागाकार केला जातो. पण परत आलेल्या ऑर्डरीतून पैसा मिळतच नाही. तिचा खर्च ज्या ६८ जणांनी जोड ठेवला त्यांच्याच किमतीतून निघायचा असतो. भागायचं ते ६८ ने, १०० ने नाही.

या रेट कार्डात ग्राहकाने परत केलेल्या जोडावर कमिशन आणि ठरावीक फी परत मिळत होती, कुरिअर मात्र जाताना १२० आणि येताना १२०, त्यावर जीएसटी. एका रिटर्नला २८३ रुपये. असे १८, म्हणजे सुमारे ५,१००. परत आलेल्या एकूण ३२ जोडांपैकी ५ पुन्हा विकण्याच्या लायकीचे नव्हते. कुणी दोन दिवस वापरून तळ घासवलेला, कुणाच्या अंगठ्याची शिवण उसवलेली, पावसाळ्यात ओल लागून कातड्यावर डाग पडलेले. ते १,९०० रुपये. ३२ वेळा वाया गेलेलं पॅकिंग ८००. बेरीज ७,८००. ती ६८ जोडांवर वाटली की जोडामागे ११५.

जोडामागे सुटत होते ४६ आणि रिटर्नचा भार होता ११५. म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक जोडावर ६९ रुपये खिशातून जात होते. दर १०० ऑर्डरींना साडेचार हजारांवर तोटा, आणि ऑर्डरी वाढल्या की तोटाही त्याच वेगाने वाढणार. तीस-चाळीस रुपयांच्या वाढीने हे भरून निघणार नव्हतं.

किमतीला हात लावण्याआधी खोका मोजा

कुरिअर ९० ऐवजी १२० का? कारण मार्केटप्लेस आणि कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात. ते झालं आकारमानाचं वजन. खरं वजन आणि हे वजन यांपैकी जे जास्त, त्यावर पैसे. त्यांचा खोका बुटांसाठी असतो तसला, ३४ × २१ × १२. गुणाकार ८,५६८, भागाकार १.७१ किलो. चप्पल सातशे ग्रॅमची आणि पैसे दोन किलोच्या गटाचे, तेही जाताना आणि येताना.

कोल्हापुरी मुळात सपाट. टाच उंच नाही, आत पोकळी नाही. दोन्ही पायताणं तळाला तळ लावून, एकाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याकडे अशी ठेवली तर २९ × १८ × ८ च्या खोक्यात बसतात. ते होतात ०.८४ किलो, म्हणजे एक किलोच्या गटात. ३० × २० × ८ चा खोका बाजारात सहज मिळतो आणि त्याचे ०.९६ होतात, पण मी तो घेऊ देत नाही. गोदामात मोजताना खोका जरा फुगलेला असला की तो एक किलोच्या वर जातो. गटाच्या काठावर कधीच बसू नका.

नुसत्या या बदलाने जाताना ३० आणि येताना ३० वाचले. त्याच ७४९ किमतीला, तेवढेच जोड परत येत असताना, १०० ऑर्डरींचा तोटा साडेचार हजारांवरून हजाराच्या आत आला. खोका बदलल्यावर लिस्टिंगमधली मापंही बदलावी लागतात, नाहीतर सिस्टिम जुन्याच मापावर कापत राहते. नव्या खोक्याचा टेप लावलेला आणि काट्यावर ठेवलेला असे दोन फोटो काढून ठेवा. जास्त वजन लावलं गेलं तर तक्रार करताना तेच लागतात, आणि तक्रारीची मुदत थोडीच असते.

तुमचा माल वेगळा असेल तरी ओळखण्याची खूण एकच. सेटलमेंट रिपोर्टमध्ये ज्या वजनावर पैसे कापले तो रकाना बघा आणि तुमच्या काट्यावरच्या वजनाशी ताडून पाहा. दोन्हींत एका गटाचा फरक असेल तर आधी तो सोडवा. जो खर्च टाळता येतो तो ग्राहकाच्या माथी मारला की किंमत शेजारच्या विक्रेत्यापेक्षा महाग दिसते आणि ऑर्डरी तिकडे जातात.

आता किंमत: मिळवायची नाही, भागायची

कमिशन किमतीवर टक्क्यात लागतं, आणि किंमत वाढली की कमिशनही वाढतं. म्हणून ते मिळवून चालत नाही. आधी रुपयांत लागणारं सगळं एकत्र करा, मग टक्के काढून उरलेल्या भागाने भागा. १५ टक्के कमिशन आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे किमतीचे १७.७ टक्के जातात आणि तुमच्याकडे ८२.३ राहतात. भाजक ०.८२३.

किंमत = (माल + पॅकिंग + ठरावीक फी व कुरिअर जीएसटीसह + ठेवलेल्या जोडामागे रिटर्नचा भार + नफा) ÷ ०.८२३

नव्या खोक्याने हे आकडे असे: माल ३८०, पॅकिंग २५, फी आणि कुरिअर मिळून ११० आणि जीएसटी धरून १३०. रिटर्नचा भार आता ११५ नाही, ९६. नफा त्यांना १०० हवा होता. बेरीज ७३१, भागिले ०.८२३, म्हणजे ८८८ रुपये.

इथे जाणकार विचारेल की ५ टक्के जीएसटी कुठे गेला, आणि फीवरचा १८ टक्के तर परत मिळतो ना? प्रश्न बरोबर आहे, आणि बहुतेक तयार एक्सेल शीट इथेच चुकीचं उत्तर देतात.

८८८ ला विकलेल्या जोडावर तुम्हाला ४२ रुपये जीएसटी भरायचा असतो. मार्केटप्लेसने फीवर लावलेला जीएसटी तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो: कमिशनवरचा २४, कुरिअर आणि फीवरचा २०, शिवाय रिटर्नच्या कुरिअरवरचा आठ-नऊ रुपये. एकूण ५२ च्या पुढे. म्हणजे क्रेडिट देण्यापेक्षा जास्त आहे. भरायचं काहीच नाही, पण वरचे दहा रुपये लेजरमध्ये पडून राहतात. विक्रीवरचा दर ५ टक्के आणि सेवांवरचा दर १८ टक्के असला की हे होतंच. याचा परतावा मागता येईल असं वाटतं, पण उलट्या दराच्या परताव्यात सेवांवरचा कर धरत नाहीत, फक्त मालावरचा धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो नियम कायम ठेवला. तेव्हा कागदावर दिसणारं हे क्रेडिट घरखर्चाला येत नाही.

म्हणून मी किंमत दोन पद्धतींनी काढतो आणि जी जास्त येईल ती धरतो. पहिली वरची: फीवरचा जीएसटी हा खर्च धरायचा आणि विक्रीवरचा जीएसटी त्यातूनच फिटतो असं मानायचं. दुसरी उलटी: फी सगळी जीएसटीशिवाय घ्यायची, पण किमतीतून ५ टक्के कर पूर्ण काढायचा. दुसरीत भाजक ०.८०२ येतो (१ ला १.०५ ने भागून त्यातून ०.१५ वजा), वरची बेरीज ७०२ होते आणि किंमत ८७५. आठशे अठ्ठ्याऐंशी जास्त, म्हणून तीच खरी.

त्याच नोंदणीवर दुकानात किंवा घाऊक विक्री असेल आणि साचलेलं क्रेडिट तिकडे जिरत असेल, तर मात्र दुसरी पद्धत लागू आणि किंमत ८७५ पुरते. ते तुमच्या हिशेबनीसाला विचारा, अंदाजाने ठरवू नका.

कमिशन शून्य असेल तर

मीशोने शून्य कमिशनची वाट आधी धरली, अॅमेझॉनने एप्रिल २०२५ मध्ये तीनशेच्या आतल्या बऱ्याच वस्तूंवर रेफरल फी काढली, फ्लिपकार्टने नोव्हेंबर २०२५ मध्ये हजारच्या आत. त्यामुळे "आता सगळंच सुटतं" अशी समजूत पसरली आहे. हाच जोड शून्य कमिशनवर टाकून बघा. पहिल्या पद्धतीने भाजक १, किंमत ७३१. पण आता फी कमी झाल्यामुळे क्रेडिटही कमी झालं आणि विक्रीवरचा जीएसटी खिशातून भरावा लागतो. दुसऱ्या पद्धतीने ७३७ येतात, आणि आता हीच जास्त. फरक सहाच रुपयांचा आहे, पण जो विक्रेता जुन्या शीटमध्ये नुसतं कमिशनचा रकाना शून्य करतो त्याला प्रत्येक जोडावर ते सहा जाताहेत हे दिसत नाही. आणि नीट बघितलं तर या ७३७ मध्ये सर्वात मोठा भाग मालानंतर कुरिअर आणि रिटर्नचाच आहे. कमिशन शून्य असलं तरी परत येणारा जोड फुकट परत येत नाही.

वाढवूनही कमी मिळणारी किंमत

फीच्या पायऱ्या हा आणखी एक सापळा. या रेट कार्डात ठरावीक फी हजारपर्यंत २० आणि हजारच्या वर ५० होती. एक रुपया वाढवून १,००१ केलं की फी ३० ने वाढते, जीएसटी धरून ३५. ती भरून काढायला किंमत ४३ रुपयांनी वर जावी लागते. म्हणजे १,००१ ते १,०४३ मधली कुठलीही किंमत १,००० पेक्षा कमी पैसे देते. दोन जोडांचा सेट किंवा जेंट्स कोल्हापुरी या भागात हमखास येते. तिथे एकतर ९९९ ला थांबा किंवा सरळ १,०९९ ला जा. तुमच्या रेट कार्डावर पायरी कुठे आहे ते शोधून तिच्या वरचा असा मेलेला पट्टा एकदा काढून ठेवा. तो वारंवार उपयोगी पडतो.

एमआरपीही तपासा. लेबलवर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त किंमत लावता येत नाही. जुनी लेबलं ७९९ ची असतील तर आधी ती बदलावी लागतात.

किंमत वाढवल्यावर सेल आला की

८८८ ऐवजी ८९९ लावली. मग मार्केटप्लेसच्या सेलमध्ये १० टक्के सूट द्यायचं निमंत्रण आलं, आणि ती सूट विक्रेत्याच्या खिशातून. ८९९ ला जोडामागे १०९ सुटतात. ८०९ ला सुटतात ३५. किंमत दहा टक्क्यांनी कमी झाली आणि नफा दोन तृतीयांशाने. कमिशन थोडं कमी होतं खरं, पण माल, कुरिअर आणि रिटर्न यांतलं काहीच कमी होत नाही. सेलमध्ये उगीच मागवून बघणारेही वाढतात, म्हणजे ते ३५ सुद्धा जुन्या रिटर्नच्या प्रमाणावर मोजलेले.

सेलमध्ये जायचंच असेल तर सेलची किंमतच आधी सूत्रातून काढा, आणि रोजची किंमत त्यावरून वर ठेवा. सूट कोण देतंय हे निमंत्रणात लिहिलेलं असतं. मार्केटप्लेस स्वतःच्या खिशातून देत असेल तर प्रश्नच नाही. जाहिरातीवर खर्च होत असेल तर तोही ठेवलेल्या जोडांनीच भागून वरच्या बेरजेत घाला. क्लिकने किंवा ऑर्डरने भागू नका.

किंमत बरोबर, तरी विक्री बंद पडली

८९९ ला या विक्रेत्याच्या ऑर्डरी घटल्या. बाजारात तसाच दिसणारा जोड ७९९ ला होता. इथे किमतीचं काम संपतं आणि रिटर्न कमी करण्याचं सुरू होतं, कारण ९६ रुपयांचा भार हाच हाताशी राहिलेला मोठा आकडा.

परत आलेल्या जोडांची कारणं मापाप्रमाणे मांडली तेव्हा दिसलं की निम्म्याहून जास्त रिटर्न दोनच मापांत होते आणि कारण एकच, "लहान आहे". चपलेचा नंबर हा बुटाच्या नंबरावरून लिहिलेला, पण कोल्हापुरीत पाय पूर्ण तळावर बसतो आणि अंगठ्याची कडी वेगळं माप मागते. लिस्टिंगमध्ये पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये टाकली, पाय कागदावर ठेवून कसा मोजायचा याचा एक फोटो घातला, आणि "नवं कातडं सुरुवातीला ताठ असतं, काही दिवसांत पायाला बसतं" हे वाक्य पहिल्या चार ओळींत आणलं. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत दुकानदार हे तोंडानेच सांगतो. कोलकात्यातल्या किंवा लखनौमधल्या ग्राहकाला ते कुणी सांगितलेलं नसतं, त्याला ताठ कातडं म्हणजे खराब माल वाटतो.

१८ चे १२ झाले आणि खराब जोड ५ ऐवजी ४, तर ७४ जोड ग्राहकांकडे राहतात आणि भार ९६ वरून ६४ वर येतो. त्याच १०० रुपयांच्या नफ्याला किंमत निघते ८४९. नफा ७५ वर समाधान मानलं तर ८१९. ७९९ वाल्यासमोर ही किंमत उभी राहू शकते. पण रिटर्न प्रत्यक्षात कमी झालेले रिपोर्टमध्ये दिसल्याशिवाय किंमत खाली आणू नका. "आता कमी होतील" या भरवशावर आधी किंमत उतरवली की पुन्हा पहिल्या जागी याल.

आरटीओ वेगळा. तो मापाने येत नाही, बहुतेक कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरींतून येतो. त्यावर कुरिअर लागत नसलं तरी जोड दोन-तीन आठवडे प्रवासात अडकतो आणि पॅकिंग जातं. सणाच्या आधी हाच अडकलेला माल जास्त दुखतो, कारण कारागिराकडून तेवढ्यात नवा जोड बनून येत नाही. परत आलेलं प्रत्येक पार्सल कॅमेऱ्यासमोर, लेबल दिसेल असं उघडा. खराब किंवा बदललेला माल निघाला तर दावा त्या चित्रणावरच टिकतो.

भार मोजताना पूर्ण दुकानाची सरासरी घेऊ नका, प्रत्येक लिस्टिंगची वेगळी घ्या. त्याच विक्रेत्याची पुरुषांची जाड तळाची कोल्हापुरी फार कमी परत येत होती आणि तिची किंमत विनाकारण महाग होती, तर लहान मुलांच्या जोडावर कुठल्याच किमतीला काही सुटत नव्हतं. मुलांचा पाय ऑनलाइन नीट मोजला जात नाही आणि दोनशे ऐंशीच्या मालावर दोन्ही बाजूंचं कुरिअर बसतं. ती लिस्टिंग बंद केली. आता ते मुलांचे जोड फक्त दुकानात ठेवतात आणि ऑनलाइनचा हिशेब दर तिमाहीला, किंवा रेट कार्ड बदलल्याचा मेल आला की त्याच दिवशी, पुन्हा करतात.